कच्चं किलोभर, शिजल्यावर किती?

मटणाच्या दुकानात तराजूच्या काट्यावर जे वजन दिसतं, त्याचे पैसे आपण मोजतो. ताटात पडतं ते वजन वेगळं असतं. किलोभर मटण आणलं, कुकरला लावलं, शिट्ट्या झाल्या आणि झाकण काढलं, की पहिला प्रश्न हमखास येतो, ‘एवढंच?’ मग संशय खाटकावर जातो. कधीकधी तो खराही असेल, पण बहुतेक वेळा काटा बरोबरच असतो. कच्चं मटण आणि शिजलेलं मटण यांच्या वजनात जो फरक पडतो तो मोठा असतो आणि त्याचा अंदाज आधी बांधता येतो. घरात चार माणसं जेवणार असतील तर हा अंदाज चुकला तरी निभावून जातं. आखाडात, जत्रेला किंवा घरच्या कार्याला पन्नास माणसं बसणार असतील तर मात्र हाच हिशेब आधी करावा लागतो.

घोटाळा होतो तो दोन वेगळ्या गोष्टी एकत्र धरल्यामुळे. एक म्हणजे हाड आणि दुसरं म्हणजे पाणी. हाड शिजल्यावर फारसं हलकं होत नाही, पण ते खाल्लंही जात नाही. मांस खाल्लं जातं, पण ते शिजताना पाणी सोडतं आणि हलकं होतं. ‘किलोला किती राहतं?’ असं कोणी विचारलं तर आधी उलट विचारायला हवं की हाडासकट पीस किती राहतात, की हाड काढून पोटात जाणारं मांस किती राहतं? ही दोन उत्तरं एकमेकांपासून बरीच लांब आहेत.

आधी पाण्याचं पाहू. कच्च्या मांसात साधारण तीन चतुर्थांश वजन पाण्याचंच असतं. स्नायूच्या बारीक तंतूंमध्ये प्रथिनांच्या जाळ्यात ते अडकून बसलेलं असतं. म्हणून कच्चा पीस हातात घेतला तर फारसं पाणी गळत नाही. मांस तापायला लागलं आणि आतलं तापमान पन्नास-पंचावन्न अंशांच्या पुढे गेलं, की ही प्रथिनं आवळायला लागतात. साठ-पासष्टच्या आसपास तंतूंभोवतीचं पांढरट आवरणही आकसतं. ओला पंचा दोन्ही बाजूंनी पिळावा तसं आतलं पाणी बाहेर ढकललं जातं. मटण नुसतं मीठ-हळद लावून मंद आचेवर ठेवलं, वर ताटात पाणी घातलं, तर भांड्यात एक थेंब पाणी न घालताही थोड्या वेळात तळाशी पाणी जमतं. ‘मटणाला स्वतःचं पाणी सुटू दे’ असं घरोघरी सांगितलं जातं, ते हेच पाणी. वजनातली बरीचशी घट याच टप्प्यात होते.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. मटण पाण्यात शिजवलं तर ते पाणी पितं आणि भाजलं तरच सुकतं, असं अनेकांना वाटतं. डाळ आणि तांदूळ पाणी पितात, मांस पीत नाही. रश्श्यात बुडालेला पीससुद्धा तापल्यावर आपलं पाणी बाहेरच टाकतो. फरक एवढाच की रश्श्यात ते पाणी भांड्यातच राहतं आणि निखाऱ्यावर त्याची वाफ होऊन जाते. म्हणून रश्श्याचं पातेलं एकूण वजनाला जड लागतं. त्यातले पीस झाऱ्याने काढून चाळणीत निथळले आणि काट्यावर ठेवले, तर ते हलकेच भरतात.

मग मटण मऊ कधी होतं? पीस आवळतो तेव्हा तो कडक होतो. मऊ होतो तो पुढच्या टप्प्यात. तंतूंना बांधून ठेवणारं ते पांढरट आवरण बराच वेळ ओल्या उष्णतेत राहिलं की विरघळून चिकट, रेशमी होतं. थंड झालेल्या अळणी पाण्याची जेली होते ती त्याच्यामुळेच. या टप्प्याला वेळ लागतो. म्हणून ‘वजन कमी होऊ नये’ म्हणून मटण लवकर उतरवण्यात काही अर्थ नाही. पाणी तर निघून गेलेलंच असतं, वर पीस चिवट राहतात. कोंबडीचं याच्या उलट आहे. ब्रॉयलर कोवळी असते, तिच्यात हे आवरण नाजूक असतं. आतलं तापमान ७४ अंशांपर्यंत गेलं की ती खाण्याजोगी शिजलेली असते. त्यानंतर जितकी जास्त वेळ चुलीवर राहील तितकी ती नुसती कोरडी आणि हलकी होत जाते, विशेषतः छातीचा भाग. कोंबडीत वजन वाचवायची थोडी सोय आहे, मटणात ती जवळपास नाही.

आता आकड्यांकडे येऊ. हे आकडे ढोबळ आहेत, पण स्वयंपाकाला पुरेसे आहेत. बोकडाचं मटण घेतलं, मांडी, फरा, चाप, नळी सगळं मिसळून, तर किलोमागे साधारण पाव किलो हाड असतं असं धरावं. उरलेलं पाऊण किलो म्हणजे मांस आणि चरबी. ते चांगलं मऊ शिजेपर्यंत त्यातला साधारण तिसरा हिस्सा वजन पाणी आणि वितळलेल्या चरबीच्या रूपात निघून जातं. राहतं जवळपास अर्धा किलो. हाडं पुन्हा त्यात धरली तर शिजलेले, निथळलेले पीस सुमारे सातशे ग्रॅम भरतात. किलोभर कच्च्या मटणाचे हाडासकट सातशे ग्रॅम आणि हाड काढून पाचशे ग्रॅम, एवढं लक्षात ठेवलं तर पुढचा सगळा हिशेब सोपा होतो.

ब्रॉयलर कोंबडीत हाडाचा वाटा थोडा जास्त असतो, पण मांस शिजताना मटणापेक्षा थोडं कमी आटतं. त्यामुळे फिरून गणित तिथेच येतं. सोललेल्या, तुकडे केलेल्या किलोभर कोंबडीतून खाण्याजोगं शिजलेलं मांस अर्ध्या किलोच्या आसपास निघतं. मात्र कोंबडीच्या दुकानात एक जादा पायरी असते आणि तिथे लोक हमखास फसतात. फळ्यावर दर दोन असतात, एक जिवंत कोंबडीचा आणि एक सोललेल्या मालाचा. दीड किलोची जिवंत कोंबडी पिसं, कातडी, डोकं, पाय आणि आतडी काढल्यावर साधारण किलोभर राहते. त्या किलोभरातून शिजून अर्धा किलो मांस मिळतं. म्हणजे जिवंत वजनाचा तिसरा हिस्सा ताटात पोचतो. जिवंतचा दर कमी दिसतो म्हणून आनंद मानण्याआधी हा तिसरा हिस्सा डोळ्यांपुढे आणावा. दोन्ही दरांची तुलना करायची तर जिवंतच्या दराला दीडने गुणावं, मग खरा भाव कळतो.

हाड नसलेल्या कोंबडीचा हिशेब सगळ्यात सरळ असतो. किलोभर बोनलेस रश्श्यात किंवा पातळ ग्रेव्हीत शिजवलं तर सातशे ते साडेसातशे ग्रॅम राहतं. तेच टिक्क्यासाठी सळईवर भाजलं आणि कडा करपेपर्यंत ठेवलं तर आणखी खाली येतं. दह्या-मसाल्यात मुरवलेला माल मात्र मुरवल्यावर तोलू नये. दही, मसाला आणि तेल यांचं वजन त्यात मिसळतं आणि भाजल्यावर घट आहे त्याहून मोठी वाटते. मिठाचा इथे एक खरा उपयोग आहे. मीठ लावून काही तास ठेवलेल्या मांसातली प्रथिनं पाणी थोडं जास्त धरून ठेवतात. म्हणून आदल्या रात्री मीठ-दही लावलेला टिक्का आयत्या वेळी लावलेल्यापेक्षा रसरशीत राहतो आणि वजनालाही थोडा जास्त भरतो.

हे आकडे आपल्या घरच्या हातासाठी पक्के करून घ्यायला एक काटा आणि एक चाळणी पुरते. मटण धुतल्यावर चाळणीत निथळू द्यावं आणि मगच तोलावं. धुतल्या धुतल्या तोललेल्या मटणात पाण्याचं वजन लपलेलं असतं. नेहमीच्या पद्धतीने शिजवावं. झाल्यावर पीस झाऱ्याने काढून पुन्हा त्याच चाळणीत ठेवावेत आणि अंगावरचा मसाला खाली उतरेपर्यंत थांबावं. हे थांबणं महत्त्वाचं आहे. गरम पिसावर जाडसर कट चिकटलेला असतो आणि तोच काट्यावर मांस म्हणून मोजला जातो. पहिल्या मिनिटाला चाळणीतून धार पडते, मग थेंब पडतात आणि थेंबही विरळ झाले की पीस चमकायचे थांबून थोडे कोरडे दिसायला लागतात. तेव्हा तोलावं. शिजलेलं वजन भागिले कच्चं वजन, हा आपल्या कुकरचा, आपल्या खाटकाच्या मालाचा आकडा. तो मसाल्याच्या डब्याच्या झाकणावर लिहून ठेवला तरी चालेल.

आता एक मोठं जेवण मांडून पाहू. कोल्हापुरी पद्धतीचं घ्यावं, कारण तिथे मटणातून निघालेलं पाणी वाया जात नाही, उलट अर्धं जेवण त्याच पाण्यावर उभं असतं. मटण आधी आलं-लसूण आणि मीठ घालून भरपूर पाण्यात शिजवायचं. ते अळणी पाणी वेगळं काढायचं, त्यातून नारळाचं दूध घालून पांढरा रस्सा आणि कांदा-लसूण मसाल्यावर तांबडा रस्सा करायचा आणि पिसांचं सुकं करायचं. म्हणजे मांसाने सोडलेलं वजन दोन वाट्यांमध्ये ताटात परत येतं. चवही त्याबरोबर येते, कारण नुसतं पाणी बाहेर पडत नाही, त्यात विरघळलेलं बरंच काही असतं.

समजा पन्नास माणसं आहेत. अनुभवी आचारी इथे पहिल्यांदा टोकतात, ‘वहिनी, माणसं नका सांगू, खाणारी माणसं सांगा.’ पन्नासांतले आठ जण शाकाहारी निघाले आणि दहा लहान मुलं असली तर मोठे खाणारे उरले बत्तीस. कोल्हापुराकडे मटणाच्या ताटाला माणशी पाव किलो कच्चं धरलं तर कोणी नाव ठेवत नाही. बत्तीस जणांचे झाले आठ किलो. मुलांना निम्मं धरून सव्वा किलो. एकूण सव्वानऊ, आणि दोनदा घेणारे चार-पाच जण असतातच, म्हणून दहा किलो. दहा किलो कच्च्या मटणाचे शिजून सात किलो पीस, आणि त्यात खाण्याजोगं मांस पाच किलो. मोठ्या माणसाला पाव किलोमागे सव्वाशे ग्रॅम मांस मिळतं. ताटात भाकरी, दोन रस्से, भात आणि कांदा-लिंबू असताना ते भरपूर आहे. साध्या रोजच्या जेवणाला माणशी दीडशे ते दोनशे ग्रॅम कच्चं पुरतं.

पण वाढपी काटा घेऊन वाढत नाही, तो पीस मोजून वाढतो. म्हणून हिशेब पिसांवर आणावा लागतो आणि त्याची तयारी खाटकाच्या ठोकळ्यापाशी करावी लागते. किलोला बावीसच्या आसपास पीस करायला सांगावेत, म्हणजे एकेक पीस पंचेचाळीस ग्रॅमचा पडतो. शिजल्यावर तो तीस-बत्तीस ग्रॅमचा राहतो आणि डोळ्याला चांगलाच लहान दिसतो. दहा किलोचे दोनशे वीस पीस. बत्तीस मोठ्यांना पाच-पाच म्हणजे एकशे साठ, मुलांना दोन किंवा तीन म्हणजे पंचवीसेक. तीस-पस्तीस पीस हाताशी राहतात, ते दुसऱ्या वाढीला आणि रश्श्यात तरंगायला. पीस सारखे नसतील तर हे सगळं कोलमडतं. एकाच्या ताटात नळी आणि दोन बोटं मांस, दुसऱ्याच्या ताटात मांडीचा गोळा, असं झालं की शेवटच्या पंगतीला हाडंच उरतात. म्हणून नळ्या आणि चापा आधीच वेगळ्या काढून प्रत्येक पंगतीला थोड्या थोड्या जातील असं बघावं. मोठं पातेलं असेल तर वाढपी वरवरचे पीस उचलतो आणि तळाशी हाडाचा चुरा राहतो. अधूनमधून झारा तळातून फिरवायला सांगितलं पाहिजे.

याच जेवणात चूक कशी होते ते बघा. कोणीतरी म्हणतं, ‘माणशी दीडशे ग्रॅम मटण ताटात पडलं पाहिजे.’ बेचाळीस खाणाऱ्यांना गुणून सहा किलो तीनशे ग्रॅम मटण आणलं जातं. पण दीडशे ग्रॅम ताटातलं होतं आणि आणलेलं कच्चं. शिजून साडेचार किलोच्या आतच पीस राहतात, माणशी एकशे पाच ग्रॅम, आणि हाड काढलं तर पंचाहत्तर ग्रॅम मांस. पहिल्या दोन पंगती नेहमीच्या हाताने वाढल्या गेल्या की तिसऱ्या पंगतीला रश्श्यावर वेळ मारून न्यावी लागते. ताटातल्या वजनावरून खरेदीचं वजन काढायचं असेल तर ०.७ ने भागावं. हवे असलेले सहा किलो तीनशे ग्रॅम भागिले ०.७ म्हणजे नऊ किलो. हा पावणेतीन किलोचा फरक शेवटच्या पंगतीतल्या माणसाला कळतो.

बिर्याणीत हाच घोळ दुहेरी होतो. किलोभर तांदळाला किलोभर मटण हे नेहमीचं प्रमाण कच्च्या वजनाचं आहे. शिजल्यावर तांदूळ पाणी पिऊन अडीच ते तीन किलो होतो आणि मटणाचे पीस सातशे ग्रॅमवर येतात. कच्चं पाहताना निम्मं-निम्मं वाटलेलं ताटात चारास एक होतं. म्हणून बिर्याणी ‘मटणाची’ वाटायला हवी असेल तर मटण तांदळापेक्षा सव्वापट, दीडपट घेतात. आणि वाढताना परात खालीवर करून एका माणसाला किती पीस द्यायचे ते आधी ठरवतात.

खिम्याचा आकडा सांगणं सगळ्यात अवघड आहे. खिमा आपण किती परततो त्यावर सगळं असतं. पाणी सुटलेलं तसंच ठेवून मटार घातले तर वजन फारसं घटत नाही. तेल सुटेपर्यंत कोरडा केला तर तो झपाट्याने हलका होतो. त्यात चरबी किती दळली गेली आहे यावरही बरंच ठरतं. चरबीचा खिमा कढईत तेल भरपूर सोडतो आणि मांस थोडं उरतं. खिमा समोर दळून घ्यावा, आणि मांस कुठल्या भागाचं आहे ते दळायच्या आधी बघावं.

हल्ली हा प्रश्न आणखी एका ठिकाणी रोज येतो. व्यायाम करणारी तरुण मंडळी प्रथिनं मोजतात. कोंबडीच्या कच्च्या छातीत शंभर ग्रॅममागे बावीस-तेवीस ग्रॅम प्रथिनं असतात, शिजलेल्या छातीत तीस-एकतीस. शिजवल्याने प्रथिनं वाढली असं नाही. पाणी गेलं, म्हणून उरलेल्या वजनात त्यांचा वाटा वाढला. दोनशे ग्रॅम कच्ची छाती शिजून दीडशेच्या आत येते आणि प्रथिनं दोन्ही वेळा पंचेचाळीसच्या जवळपासच राहतात. गडबड होते ती कच्चं तोलून शिजलेल्याचा आकडा लावल्यावर. दोनशे ग्रॅमला साठाच्या वर प्रथिनं खाल्ल्याचा हिशेब वहीत पडतो आणि महिनाभर रोज पंधरा-सतरा ग्रॅम जास्त लिहिले जातात. मेसमध्ये जेवणाऱ्याला शिजलेलंच तोलता येतं, त्याने शिजलेल्याचाच तक्ता वापरावा. घरी स्वतः करणाऱ्याने कच्चं तोलावं, कारण तेच वजन रोज सारखं धरता येतं. शिजलेलं आज थोडं जास्त परतलं गेलं तर उद्याशी जुळत नाही.

गावरान कोंबडीला हे सगळे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. ती हिंडलेली, वयाने मोठी, अंगाने सडपातळ असते. ब्रॉयलरच्या मानाने तिच्यात हाड जास्त आणि छाती लहान. तिला मटणासारखंच रेंगाळत शिजवावं लागतं. किलोभर गावरानीतून अर्धा किलो मांस मिळेल ही आशा धरू नये. तिच्याकडून रस्सा भरपूर घ्यावा आणि पाच जणांसाठी करायची असेल तर एक कोंबडी ब्रॉयलरच्या हिशेबापेक्षा वजनाने सवाई बघून आणावी. मोठ्या वयाच्या बोकडाचंही तसंच. त्याचं वजन किती उरेल यापेक्षा तो किती वेळ घेईल याची चिंता जास्त. पन्नास माणसांचं जेवण असेल आणि मटण कोवळं आहे की जून याची खात्री नसेल, तर आचारी सकाळीच दोन पीस वेगळ्या कुकरला लावून बघतात. ते किती शिट्ट्यांत सुटतात त्यावरून मोठं पातेलं किती वाजता चढवायचं ते ठरतं.